दुसऱ्या मसुद्यात नेमके काय बदलले?

गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाचा करार सहसा एका बैठकीत ठरत नाही. संस्थेचा वकील पहिला मसुदा पाठवतो, विकासकाचा वकील त्यात फेरफार करून तो परत पाठवतो, आणि मग कार्यकारिणीतल्या कोणावर तरी एक काम येऊन पडते: दुसऱ्या मसुद्यात काय बदलले ते दोन पानांत सभासदांना सांगायचे. फाइल उघडली की लाल-निळ्या अक्षरांत नवा मजकूर दिसतो, काट मारलेला जुना मजकूर दिसतो आणि उजव्या समासात शेऱ्यांची रांग दिसते. एवढे सारे डोळ्यांसमोर असताना सारांश म्हणजे त्या खुणा क्रमाने उतरवून काढणे, असे वाटणे साहजिक आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. रंगीत खुणा आणि समासातले शेरे हे दुसऱ्या पक्षाने स्वतःच्या बदलांविषयी केलेले निवेदन आहे. ते बहुधा प्रामाणिक असते, पण ते निवेदनच. सारांश लिहिणाऱ्याने ते निवेदन आधी पडताळायचे असते आणि मग शब्द कोणते बदलले यापेक्षा कोणाचा हक्क, कोणाचे कर्तव्य आणि कोणाची जोखीम बदलली ते लिहायचे असते. या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकते, हे एका कल्पित पण अगदी नेहमीच्या घडणीच्या मसुद्यावरून पाहू.

समजा, मुंबईतली चाळीस सदनिकांची एक संस्था आहे. तिच्या पहिल्या मसुद्यात कलम 9.2 असे होते की सभासदांनी जागा रिकामी करून दिल्यापासून 36 महिन्यांत विकासक भोगवटा प्रमाणपत्रासह, म्हणजे ओसीसह, नव्या सदनिका देईल. परत आलेल्या मसुद्यात '36 महिने' जसेच्या तसे आहेत. फक्त 'जागा रिकामी करून दिल्यापासून' हे शब्द काटून त्यांच्या जागी 'पूर्ण बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळाल्यापासून' असे शब्द आले आहेत. समासात शेरा आहे: 'स्पष्टतेसाठी बदल.' पानावर पाहिले तर चार-पाच शब्दांचा फरक. पण मुंबईत बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीसी म्हणतात, ते टप्प्याटप्प्याने मिळते. आधी जोत्यापर्यंतचे आणि पुढे वरच्या मजल्यांचे. पूर्ण सीसी कधी मिळणार हे विकासक अर्ज कधी करतो, महापालिकेचे अधिमूल्य कधी भरतो, यावर बरेचसे अवलंबून असते. म्हणजे मुदतीचा आकडा तोच राहिला, पण ती मोजायला सुरुवात कधी करायची हे ठरवणे मोठ्या प्रमाणात विकासकाच्या हाती गेले. सभासद घर सोडून भाड्याने राहायला गेले, इमारत पाडली गेली, जोते उभे राहिले, तरी छत्तीस महिन्यांतला पहिला दिवस अजून उजाडलेला नसेल. खुणांची यादी करणारा इथे 'मुदतीच्या कलमात शब्दबदल, 36 महिने कायम' असे लिहील. त्यातले एकही अक्षर खोटे नसेल, आणि तरीही सभासदांची पूर्ण दिशाभूल होईल.

यावर एक उत्तर नेहमी मिळते. सारांश करण्याचा धोका पत्करायचाच कशाला, खुणांसह पूर्ण फाइल सगळ्यांना पाठवावी आणि ज्याला हवे त्याने वाचावे. सारांश लिहिणाऱ्याच्या हातून काही सुटले तर दोष त्याच्यावर येणार. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि फाइल पाठवायलाच हवी. पण साठ पानांच्या करारात दीडशे खुणा असतात. त्यांतल्या शंभराहून अधिक खुणा स्वल्पविराम, शब्दलेखन, पक्षकारांच्या नावांची एकसारखी मांडणी अशा असतात. रंग सगळ्यांना सारखाच. करार घडवणारे सॉफ्टवेअर बदलाचे वजन दाखवत नाही, ते फक्त बदलाची जागा दाखवते. आणि आकारावरून वजन ओळखता येत नाही, हे कॅनडातल्या एका प्रकरणाने जगभरच्या वकिलांना दाखवून दिले. रॉजर्स आणि अलायंट या दोन कंपन्यांमध्ये विजेच्या खांबांवरून तारा नेण्याविषयी करार होता. तो पहिल्या पाच वर्षांत रद्द करता येतो की नाही, हा वाद 2006 साली तिथल्या दूरसंचार नियामकाकडे गेला. इंग्रजी मजकुरातल्या एका स्वल्पविरामाच्या आधारे नियामकाने ठरवले की रद्द करता येतो. पुढच्या वर्षी त्याच कराराची फ्रेंच प्रत विचारात घेऊन तो निष्कर्ष फिरवला गेला. एखाद्या मसुद्यात असा स्वल्पविराम नव्याने पडला, तर तो पडद्यावर लाल रंगाच्या एका टिंबाएवढा दिसेल. शेजारीच एखादा पूर्ण परिच्छेद लाल झालेला असेल, आणि त्यात फक्त संस्थेचा नोंदणीकृत पत्ता दुरुस्त केलेला असेल. वाचणाऱ्याची नजर कुठे जाईल, हे सांगायला नको.

म्हणून वजन ठरवण्याआधी एक पायरी येते: जे बदलले ते सगळे खुणांमध्ये आले आहे का? वर्डमध्ये Review या पट्टीत Track Changes चालू असेल तरच बदलांची नोंद होते. कोणी ते बंद केले, काही ओळी बदलल्या आणि पुन्हा चालू केले, तर त्या ओळी साध्या काळ्या अक्षरांत दिसतात, जणू त्या पहिल्यापासून तशाच होत्या. शिवाय पडद्यावर काय दिसते हेही निवडीवर अवलंबून असते. Simple Markup असेल तर बदललेल्या ओळीशेजारी नुसती एक उभी रेघ दिसते. शब्दांवरच्या खुणा पाहायला All Markup निवडावे लागते. या खुणा फाइलच्या आत कशा साठवलेल्या असतात हे एकदा पाहिले की त्यांवर किती विसंबायचे ते कळते. .docx ही वस्तुतः झिप केलेली फाइल असते, आणि तिच्या आतल्या document.xml मध्ये काटलेला मजकूर साधारण असा बसलेला असतो:

```
<w:del w:id="41" w:author="Office" w:date="2025-03-04T11:20:00Z">
  <w:r><w:delText>60</w:delText></w:r>
</w:del>
```

इथे w:author म्हणजे त्या संगणकावर वर्डच्या सेटिंगमध्ये जे नाव लिहिलेले असेल ते. ती सही नव्हे. तारीखही त्या संगणकाच्या घड्याळाची. कोणी काय बदलले हे सांगणारी ही सोयीची चिठ्ठी आहे. बदललेले सर्व काही इथे आले आहे, अशी ग्वाही ती देत नाही.

पडताळणीची रीत सोपी आहे आणि दहा-पंधरा मिनिटांत होते. परत आलेल्या मसुद्याच्या दोन प्रती काढायच्या. पहिल्या प्रतीत Reject All Changes करायचे, म्हणजे विकासकाने दाखवलेले सगळे बदल नाकारायचे. आता ही प्रत आपण पाठवलेल्या पहिल्या मसुद्याशी तंतोतंत जुळायला हवी. मग Review मधल्या Compare ने आपली मूळ फाइल आणि ही प्रत एकमेकींशी ताडून पाहायच्या. एकही फरक निघाला नाही, तर दाखवलेल्या खुणा पूर्ण आहेत. फरक निघाला, तर तो बदल खुणेविना झालेला आहे. आपल्या उदाहरणात इथे कलम 6.3 वर आले. सभासदांना जागा रिकामी करण्यासाठी मूळ मसुद्यात 60 दिवसांची नोटीस होती, ती आता 30 दिवसांची आहे, आणि परत आलेल्या फाइलमध्ये '30' हा आकडा काळ्या अक्षरांत निवांत बसलेला आहे. दुसऱ्या प्रतीत सगळे बदल स्वीकारायचे आणि तीही मूळ फाइलशी ताडायची. यातून जे निघते ते खरे बदलपत्र. त्यात दाखवलेले आणि न दाखवलेले, दोन्ही बदल एकाच रंगात येतात. सारांश या बदलपत्रावरून लिहायचा, समोरच्याने पाठवलेल्या फाइलवरून नव्हे. Compare च्या चौकटीत तक्ते, तळटीपा, पानांचे माथे-तळ, मजकुराच्या चौकटी यांच्यासाठी वेगवेगळे पर्याय असतात. ते सगळे चालू आहेत ना, हे पाहून घ्यावे. पुनर्विकासात चटई क्षेत्राचा तक्ता परिशिष्टात असतो, आणि सभासदांच्या दृष्टीने तोच कराराचा गाभा असतो.

हा सरळसरळ अविश्वास आहे, समोरच्या वकिलाने खुणांसह फाइल पाठवली तर ती मानायला हवी, असा आक्षेप इथे येतो, आणि तो सभ्य माणसेच घेतात. त्याला दोन उत्तरे आहेत. एक, खुणेविना झालेला बदल बहुतेकदा लबाडीतून होत नाही. विकासकाच्या कार्यालयात कोणी आठवड्यापूर्वीची जुनी फाइल घेऊन काम केलेले असते. कोणी पाठवण्याआधी आपल्याच सहकाऱ्याचे काही बदल अंतर्गत पातळीवर स्वीकारून टाकलेले असतात, त्यामुळे त्या खुणा पुसल्या जातात. कोणी पीडीएफमधून परिच्छेद उचलून चिकटवलेला असतो. पडताळणीत हे सापडले तर 'कलम 6.3 मध्ये खुणेविना फरक दिसतो, तपासून कळवावे' एवढे कळवणे पुरते. आरोप करण्याची गरज नसते, आणि करूही नये. दुसरे उत्तर असे, की चूक नंतर न्यायालयात दुरुस्त करून मिळेल हा भरवसा फार महाग पडतो. इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्री जिल्हा परिषदेने आपली घरे एका गृहनिर्माण कंपनीकडे सोपवली. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीतली 24 लाख पौंडांची तूट कोणी भरायची, याविषयी वाटाघाटीत जे ठरल्याचे परिषदेचे म्हणणे होते, त्याच्या उलट सही झालेल्या करारातल्या एका उपकलमाने तो भार परिषदेवर टाकला. खालच्या न्यायालयात परिषद हरली. 2011 साली अपिलात करार दुरुस्त करून मिळाला, पण तोही तीन न्यायाधीशांपैकी एकाच्या विरोधी मतासह. दोन्ही बाजूंना वकील असताना, कलम उघड्यावर असताना आणि रक्कम मोठी असताना ही स्थिती. चाळीस सभासदांच्या संस्थेने ती वाट धरू नये.

बदल पूर्ण गोळा झाले की खरी कठीण गोष्ट सुरू होते: ज्या ठिकाणी रंग आहे तिथे परिणाम नसतो आणि जिथे परिणाम आहे तिथे रंग नसतो. याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे व्याख्या. आपल्या मसुद्यात कलम 1.7 मध्ये 'ताब्याची तारीख' याची व्याख्या होती: ओसी मिळाल्यानंतर सदनिका प्रत्यक्ष सभासदाच्या हाती येईल ती तारीख. दुसऱ्या मसुद्यात ती अशी झाली: विकासकाने ताबा घेण्याविषयी सभासदाला लेखी कळवल्याची तारीख. शेरा आहे: 'प्रचलित व्याख्या घेतली.' रंगीत खूण एकाच ठिकाणी, दुसऱ्या पानावर. पण भाड्याच्या कलमात लिहिले आहे की विकासक 'ताब्याच्या तारखेपर्यंत' दरमहा भाडे देईल. त्या कलमात एक अक्षरही बदललेले नाही, म्हणून तिथे रंग नाही. अर्थ मात्र पार बदलला. विकासकाने पत्र पाठवले की भाडे थांबणार, मग ओसी आलेली असो वा नसो. दर सदनिकेमागे महिना 40,000 रुपये भाडे धरले तर चाळीस सदनिकांचे महिन्याला 16 लाख रुपये होतात. पत्र आणि ओसी यांत सहा महिन्यांचे अंतर पडले, तर 96 लाख रुपयांचा भार विकासकाकडून सभासदांकडे सरकला. तीच तारीख दोषदायित्वाच्या कलमात आहे, देखभाल खर्चाच्या कलमात आहे, उशिराबद्दलच्या भरपाईच्या कलमातही आहे. म्हणून व्याख्येत बदल दिसला की त्या शब्दाचा संपूर्ण मसुद्यात शोध घ्यायचा, तो जिथे जिथे सापडेल ते प्रत्येक कलम नव्या अर्थाने पुन्हा वाचायचे, आणि सारांशात व्याख्येची नोंद त्या परिणामांसह करायची. 'व्याख्या 1.7 बदलली' ही नोंद पुरेशी नाही. 'ओसी नसतानाही भाडे थांबू शकते. कारण व्याख्या 1.7' ही नोंद आहे.

असाच दुसरा बिनरंगी बदल क्रमांकांतून होतो, आणि तो हमखास नजरेआड राहतो. विकासकाने बांधकामाच्या जागी जाहिरात फलक लावण्याविषयी एक नवे कलम 8 घातले. अगदी निरुपद्रवी. त्यामुळे जुनी 8 ते 13 ही कलमे एकेकाने पुढे सरकली. भाड्याचे कलम 11 होते, ते 12 झाले. कलमांचे क्रमांक वर्ड आपोआप देते, त्यामुळे ही सरकासरक बदल म्हणून रंगत नाही. आता कलम 19 पाहा. त्यात लिहिले आहे की 'कलम 11 नुसार देय रक्कम सलग तीन महिने थकल्यास संस्थेला करार रद्द करता येईल.' इथला '11' हा आकडा हाताने टंकलेला असेल, तर तो तसाच राहतो. पण नव्या मसुद्यात कलम 11 आहे वाहनतळाविषयीचे, ज्यात कसलीही देय रक्कम नाही. भाडे थकले म्हणून करार रद्द करण्याचा हक्क कागदावरून कोणी काढला नाही, तरी तो निराधार झाला. हा आकडा वर्डच्या आपोआप बदलणाऱ्या संदर्भाने घातलेला असेल तर तो नीट 12 होतो. पण मसुद्यात काही संदर्भ एका प्रकारचे आणि काही दुसऱ्या प्रकारचे असणे अगदी सर्रास आढळते. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा: एखादे कलम नव्याने आले, गेले किंवा हलले असेल तर मसुद्यातल्या 'कलम' या शब्दाचा शोध घेऊन प्रत्येक संदर्भ नव्या क्रमांकाशी जुळवायचा. आणि सारांशात प्रत्येक ठिकाणी जुना व नवा असे दोन्ही क्रमांक द्यायचे, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही फाइलींत नेमकी जागा सापडते.

तिसरा सापळा हलवलेल्या मजकुराचा. बँक हमीचे जुने कलम 14 नव्या मसुद्यात नाही. ते पूर्ण काटलेले दिसते. परिशिष्ट 'क' मध्ये तेवढाच मोठा परिच्छेद नवा म्हणून दिसतो. शेरा सांगतो: 'मजकूर परिशिष्टात हलवला.' वर्ड काही वेळा हलवलेला मजकूर ओळखते आणि तो हिरव्या रंगात, दुहेरी रेघांनी दाखवते. पण अनेकदा ते त्याला नुसते काटणे आणि नवीन घालणे समजते, आणि मग आतल्या सूक्ष्म फरकावर कुठलीच खूण राहत नाही, कारण सगळा परिच्छेदच एका रंगाचा झालेला असतो. अशा वेळी दोन्ही परिच्छेद दोन वेगळ्या फाइलींत चिकटवून तेवढेच एकमेकांशी ताडावेत. आपल्या उदाहरणात यातून निघाले की 'विनाअट आणि पहिल्या मागणीवर देय' हे शब्द गळले आहेत आणि त्यांच्या जागी 'विकासकाचा कसूर सिद्ध झाल्यास देय' असे आले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 79-अ खाली पुनर्विकासासाठी शासनाने जे निर्देश दिले, त्यांत प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक हमीची अपेक्षा आहे. इथे वीस टक्के कायम आहेत. पण पहिल्या मागणीवर मिळणारी हमी आणि कसूर सिद्ध झाल्यावर मिळणारी हमी यांत वर्षानुवर्षांच्या लवादाचे अंतर असू शकते. हमी ठेवण्यामागचा हेतूच हा असतो, की विकासक अडकला तर भांडण मिटायची वाट न पाहता संस्थेच्या हाती पैसा यावा.

आता समासाकडे. शेरे वाचताना मी त्यांची तीन प्रकारांत विभागणी करण्याचा आग्रह धरीन, कारण सारांशात त्यांचे स्थान वेगवेगळे आहे. काही शेरे कारण सांगतात: 'स्पष्टतेसाठी', 'प्रचलित व्याख्या'. ही समोरच्याची बाजू आहे. ती सारांशात द्यावी, पण 'विकासकाच्या म्हणण्यानुसार' असे लिहूनच. नाहीतर तेच आपले वर्णन होऊन बसते. काही शेरे प्रश्न विचारतात: 'वाहनतळाची संख्या संस्थेने कळवावी.' हे अनिर्णित मुद्दे आहेत, आणि सभेपुढे निर्णयासाठी जायला हवेत. तिसऱ्या प्रकारचे शेरे आश्वासन देतात, आणि सर्वांत जास्त नुकसान त्यांच्यामुळेच होते. पहिल्या मसुद्यात संस्थेच्या वकिलाने भाड्याच्या कलमाशेजारी लिहिले होते: 'दरवर्षी 10 टक्के वाढ घालावी.' त्याखाली विकासकाच्या वकिलाचे उत्तर आहे: 'मान्य.' शेऱ्यावर Resolve ची खूणही झाली आहे, त्यामुळे तो फिका पडून मागे सरकला आहे. कलमाचा मजकूर मात्र जसाच्या तसा आहे. त्यात वाढीचा शब्द नाही. वाचणाऱ्याला वाटते हा मुद्दा संपला. खरे तर तो सुरूच झालेला नाही. सहीच्या प्रतीतून सगळे शेरे काढून टाकले जातात आणि उरतो तो फक्त मजकूर. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 95 नुसार, म्हणजे जुन्या 1872 च्या कायद्यातल्या कलम 92 प्रमाणे, लेखी कराराच्या अटींना छेद देणारा किंवा त्यांत भर घालणारा तोंडी समझोता पुरावा म्हणून सर्वसाधारणपणे पुढे करता येत नाही. फसवणूक, चूक अशा अपवादांचा रस्ता आहे, पण तो अरुंद आहे. म्हणून नियम असा ठेवावा की 'मान्य' हा शेरा दिसला की त्याच्या शेजारचे कलम वाचायचे, आणि मजकुरात ती गोष्ट आलेली नसेल तर सारांशात स्पष्ट लिहायचे: 'शेऱ्यात मान्य, मजकुरात नाही.'

हे सगळे हाती आल्यावर सारांश लिहायला फार वेळ लागत नाही. तो कलमांच्या क्रमाने न लिहिता परिणामाच्या क्रमाने लिहावा. आपल्या उदाहरणातली पहिली नोंद अशी होईल: 'भाडे केव्हा थांबणार: पहिल्या मसुद्यात ओसीनंतर प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत भाडे होते (कलम 1.7 आणि 11). आता विकासकाचे ताब्याचे पत्र आले की भाडे थांबेल, ओसी नसली तरी (कलम 1.7 आणि 12). खूण फक्त 1.7 वर आहे. विकासकाच्या म्हणण्यानुसार ही प्रचलित व्याख्या आहे. भाड्याचा दर 40,000 रुपये धरल्यास सभासदांवरचा संभाव्य भार दरमहा 16 लाख रुपये. आमचे मत: जुनी व्याख्या परत मागावी.' अशा पाच-सहा नोंदी आणि शेवटी एक वाक्य, की उरलेले सर्व बदल वाचले असून ते शब्दलेखन, पत्ते व मांडणी यांपुरते आहेत, आणि त्यांची क्रमवार यादी सोबत जोडली आहे. हे शेवटचे वाक्य गाळू नये. सारांशात जे आले नाही ते पाहिलेच नाही, की पाहून बाजूला ठेवले, हे वाचणाऱ्याला फक्त त्यावरूनच कळते.

वकील मंडळींचा शेवटचा आक्षेप नेमका या नोंदीवर येतो. सारांशात परिणाम लिहिला की त्यात लिहिणाऱ्याचे मत मिसळते. बदल जसे आहेत तसे मांडावेत, अर्थ लावणे वकिलाचे काम. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पुनर्विकासाच्या सभेत आधीच दोन तट असतात, आणि सारांश एका तटाचा वाटला की त्याचा उपयोग संपतो. पण तटस्थपणा म्हणून फक्त शब्दबदल मांडला, तर '36 महिने कायम' हे वाक्य तटस्थ ठरते, आणि ते कोणाच्या सोयीचे आहे ते आपण पाहिले. उपाय आहे तो परिणाम आणि मत वेगळे ठेवण्यात. 'पत्र आल्यावर भाडे थांबेल' हा परिणाम आहे. मसुदा हातात घेऊन कोणीही तो तपासू शकतो, आणि तो चुकीचा असेल तर कलम दाखवून खोडू शकतो. 'जुनी व्याख्या परत मागावी' हे मत आहे, आणि ते 'आमचे मत' म्हणूनच लिहिले आहे. संस्थेच्या बाजूने झालेले बदलही त्याच काटेकोरपणे लिहायला हवेत. विकासकाने दोषदायित्वाची मुदत वाढवली असेल किंवा वाहनतळ वाढवून दिला असेल, तर त्याची नोंदही वरच्याच क्रमात, तेवढ्याच जागेत यावी. मग लवादाचे ठिकाण, नोटीस पाठवण्याची रीत अशा गुंतागुंतीच्या ठिकाणी परिणामच नक्की सांगता येत नसेल, तर तसे लिहून प्रश्न वकिलाकडे सोपवावा. वकिलाला साठ पाने नव्याने वाचण्यापेक्षा असे तीन नेमके प्रश्न मिळाले तर त्याचेही काम चांगले होते.

या दोन मसुद्यांनंतर तिसरा येतो, चौथा येतो, आणि दर वेळी दोन तुलना कराव्या लागतात: लगेच आधीच्या मसुद्याशी एक, आणि संस्थेच्या पहिल्या मसुद्याशी दुसरी. पहिलीतून या फेरीत काय हलले ते दिसते. दुसरीतून दिसते की चार फेऱ्यांत थोडेथोडे सरकत आपण मूळ मागणीपासून किती दूर आलो. दुसऱ्या मसुद्यात 30 दिवस झालेली नोटीस तिसऱ्यात 45 वर आली, तर लगतच्या तुलनेत ती संस्थेच्या बाजूची सुधारणा दिसते. पहिल्या मसुद्याशी ताडले की 15 दिवस गमावलेले दिसतात. मागच्या सारांशातल्या अनिर्णित नोंदी, विशेषतः 'शेऱ्यात मान्य, मजकुरात नाही' अशा, पुढच्या सारांशात आपोआप येत नाहीत, कारण त्या कलमांत या फेरीत काहीच बदललेले नसते आणि म्हणून तिथे रंग नसतो. त्या हाताने पुढे न्याव्या लागतात, मजकुरात येईपर्यंत. आणि शेवटची तुलना नोंदणीच्या आधी होते. दुय्यम निबंधकाकडे जाणारी प्रत छापील असते, तिच्यात खुणा नसतात, आणि ती कुठल्या फाइलवरून छापली हे कागदावरून कळत नाही. म्हणून छपाईची फाइल आदल्या दिवशी मागवून शेवटच्या मान्य मसुद्याशी Compare ने ताडावी, मग ज्या पाच-सहा कलमांवर सारांशांत वाद झाला ती आणि चटई क्षेत्राचा तक्ता प्रत्यक्ष छापील पानांवर अक्षर लावून वाचावा, आणि त्यानंतरच प्रत्येक पानावर आद्याक्षरी सही करावी.